रतीब की शिकवणी?

मंडळी, आज विषय जरा व्यवहाराचा आहे. माझी भाची गेली सहा वर्षं घरी बसून लेखनाची कामं करते. म्हणजे कथा-कविता नव्हे हो, तर दुकानदार, दवाखाने, क्लासवाले यांच्या वेबसाइटसाठी लेख, गिऱ्हाइकांना पाठवायचे व्हॉट्सअ‍ॅपचे मजकूर, असलं सगळं. नोकरी नाही, पगार नाही, एकेका लेखाचे पैसे. घराचं भाडं मात्र दर महिन्याला ठरलेलं! म्हणून यंदा तिने एका गिऱ्हाइकाला "दरमहा ठरावीक काम आणि दरमहा ठरावीक पैसे" असा प्रस्ताव द्यायचं ठरवलं. याला तिच्या धंद्यात रिटेनर म्हणतात. पत्राचा मसुदा तिने मला शुद्धलेखन तपासायला पाठवला. शुद्धलेखन बरं होतं. पण जन्मभर मराठीच्या वह्या तपासलेली बाई नुसत्या वेलांट्यांवर थांबते होय?

माझं मत आधीच सांगून टाकते. महिन्याच्या ठरावाचे आपल्याकडे दोन जुने नमुने आहेत, दुधाचा रतीब आणि घरची शिकवणी. रतिबात ज्या दिवशी दूध नाही त्या दिवशी खाडा पडतो आणि महिन्याअखेरीस पैसे वजा होतात. शिकवणीत पोरगं मामाच्या लग्नाला आठ दिवस गेलं तरी फी पूर्ण, कारण बाईंनी ती वेळ त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. लेखनाचा रिटेनर हा शिकवणीच्या जातीचा आहे. पण बहुतेक छोटे व्यावसायिक तो रतीब समजूनच घेतात, आणि सगळी भांडणं तिथून सुरू होतात.

भाचीला याचा चटका आधी बसलेला आहे. एका दवाखान्याशी (नाव कशाला!) तिचं महिन्याला दोन लेखांचं ठरलं होतं. तीन महिने डॉक्टरसाहेबांना विषय सुचवायला सवड झाली नाही. पैसे मात्र त्यांनी दिले, हे कबूल केलं पाहिजे. चौथ्या महिन्यात निरोप आला, "मागचे सहा आणि या महिन्याचे दोन, आठ लेख सोमवारपर्यंत द्या." त्यांच्या हिशोबाने ते मागची बाकी मागत होते. हिने चार रात्री जागून लेख दिले, ते धड झाले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात काम बंद झालं.

तर या खेपेचं गिऱ्हाईक म्हणजे रत्नागिरीजवळचे एक आंबा बागायतदार. हापूस थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतात, शिवाय आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी. भाची त्यांना दादा म्हणते. वर्षभरात तिने त्यांना अकरा लेख लिहून दिले होते, एका लेखाचे अडीच हजार, म्हणजे २७,५०० रुपये. आता गंमत पहा. तिने फोनमधले जुने निरोप काढून तारखा लिहिल्या, तर अकरांपैकी नऊ लेख फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल एवढ्यात मागितलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाला "उद्या हवं" अशी पुस्ती!

माझ्या मते या प्रस्तावातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही तारखांची यादी होती. पहिल्या मसुद्यात मात्र ती नव्हतीच. तिथे "सातत्यपूर्ण दर्जेदार लेखन" वगैरे होतं, जे कुणालाही पाठवता येईल. आंबेवाल्याला सातत्याशी काय करायचंय? त्याची खरी अडचण वेगळीच आहे. ज्या महिन्यांत त्याला लेख लागतात, त्याच महिन्यांत त्याला बोलायला पाच मिनिटं नसतात. काढणी, पॅकिंग, गाड्या, फोन. आणि लेखाची माहिती तर त्याच्याच डोक्यात! पेटी घरी आल्यावर आंबे गवतावर कसे पसरायचे, पिकण्याआधी फ्रिजमध्ये का ठेवायचे नाहीत, वरून देखणा आंबा आतून साका का निघतो आणि तो बाहेरून का कळत नाही, हे गिऱ्हाईक एप्रिलात विचारतं. पण त्यावर दादांशी निवांत बोलायचं तर ऑगस्टात. म्हणजे हंगामाचं लेखन हंगामाबाहेर करून ठेवायचं, यासाठीच बारा महिन्यांचा ठराव हवा.

आम्हा शिक्षकांना जूनमध्ये वार्षिक नियोजन करून द्यावं लागे. कोणता घटक कोणत्या महिन्यात, किती तासिका. मी भाचीला म्हटलं, "तसाच तक्ता कर आणि पत्राला जोड." तिने केला. जूनमध्ये सरत्या हंगामातल्या गिऱ्हाइकांना आभाराचं पत्र आणि तक्रारी गोळा करणं. पावसाळ्यात आमसुलं, आगळ, श्रावणातल्या उपासांच्या सुमारास फणसपोळी. त्याच दिवसांत दादांना फोनवर बोलतं करून पेटी-पिकवणीचे लेख लिहून ठेवायचे. ऑक्टोबरात दिवाळीच्या भेटी. मोहोर आला की "यंदा आंबा कधी?" या प्रश्नाची उत्तरं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे, यावर एक लेख जानेवारीत, कारण नोंदणी सुरू व्हायच्या आधी तो गिऱ्हाइकासमोर हवा. मार्च ते मे नवीन फार कमी, तयार केलेलं एकेक बाहेर काढायचं.

पत्र पाठवलं तेही जूनच्या पहिल्या आठवड्यात, हंगामाचे हिशोब मांडून दादा बसलेले असताना. एप्रिलात पाठवलं असतं तर कुणी उघडूनही पाहिलं नसतं.

आता पैशांचं. तिने मागितलं महिन्याला दोन लेख आणि चार छोटे मजकूर. दोन लेखांचे पाच हजार, मजकुराचे प्रत्येकी चारशे म्हणजे सोळाशे, एकूण ६,६००. ठराव म्हणून सहा हजार. दादांनी ताबडतोब फोन केला. "ताई, गेल्या वर्षी अठ्ठावीस हजारांत भागलं, तुम्ही बहात्तर सांगताय. आणि जुलैत आंबा नसतो, तेव्हा कशाचे पैसे देऊ?"

इथे नवखी माणसं दर पाडतात. सहाचे चार करतात आणि काम तेवढंच ठेवतात. हे मला अजिबात पटत नाही. एकदा दर पाडला की समोरच्याला वाटतं, आधीचा आकडा फुगवलेला होता. कमी करायचं तर काम कमी करावं. भाचीने एक लेख वगळला. एक लेख आणि चार मजकूर, ४,१०० होतात, चार हजार घेईन म्हणाली. म्हणजे सूट शंभराची! ती सूटही फुकट नाही, त्याबदल्यात पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. आणि जुलैच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तिने तो तक्ता पुढे केला. जुलैत जे लिहिलं जाणार होतं ते एप्रिलमध्ये वापरायचं होतं, हे तारखांसकट दिसत होतं.

चार हजार परवडतात की नाही हे तिला कसं कळणार? ती तासांची वही ठेवते, फक्त स्वतःपुरती. एका लेखाला फोन, लेखन, दुरुस्ती धरून सहा तास, चार मजकुरांना तीन, महिन्याचं बोलणं-ठरवणं एक. दहा तास, तासाला चारशे. वहीत हे दहाचे सोळा झाले की दर अडीचशेवर आला असं समजायचं. आणि ते सोळा होतात ते लेखामुळे नव्हे. "जरा एवढं बघा ना" यामुळे होतात. बाटलीवरच्या लेबलाचा मजकूर, कुणी वाईट शेरा लिहिला त्याला उत्तर, पुतण्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा! एकेक काम अर्ध्या तासाचं, नाही म्हणायला संकोच वाटतो. म्हणून पत्रात "यात काय नाही" हा परिच्छेद हवाच. लेबल, भाषांतर, शेऱ्यांची उत्तरं वेगळ्या पैशांनी, आणि एका लेखाला दुरुस्त्या दोनदाच.

खाड्याचं कलम मात्र आम्ही दोघींनी बसून लिहिलं, तेच खरं महत्त्वाचं. त्यातले शब्द साधारण असे: विषयाची माहिती दहा तारखेपर्यंत मिळाली नाही, तर तक्त्यातला पुढचा विषय घेऊन मी लेख लिहीन. मालकांनी थांबवायला सांगितलं तर एकच लेख पुढच्या महिन्यात सरकेल, त्यापेक्षा जास्त साठणार नाहीत. माझ्याकडून उशीर झाला तर तो लेख मी कितीही उशिरा देणं लागते. या शेवटच्या वाक्याला भाची कां कू करत होती. मी आग्रह धरला. शिकवणीच्या बाई स्वतः गावाला गेल्या तर तास भरून देतातच की. एकतर्फी कलम दिसलं की धंदेवाईक माणूस बाकीच्या कलमांवरही संशय घेतो.

आणखी एक. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या लेखकाचं लेखन लेखी करार केल्याशिवाय दुसऱ्याच्या मालकीचं होत नाही. पैसे दिले की लेख आपला, असं मालक धरून चालतो. म्हणून "पैसे मिळाल्यावर त्या महिन्याच्या लेखांचे सर्व हक्क कायमचे तुमचे" हे वाक्य सहीसकट घातलं. दोघांचीही झोप शांत.

दादांनी तीन महिने करून बघू म्हटलं. मला ते योग्यच वाटलं, पण एक अट घालायला लावली. ते तीन महिने जून-जुलै-ऑगस्ट असल्याने "किती पेट्या खपल्या" या मापाने मोजायचे नाहीत. ऑगस्टअखेर हंगामाचे तीन लेख तयार आहेत का आणि जुन्या गिऱ्हाइकांची यादी नीट झाली का, एवढंच पाहायचं. पुढे थांबायचं तर दोन्ही बाजूंनी महिन्याची सूचना.

दादांनी दोन बदल मागितले. पाच तारखेऐवजी सात, कारण त्यांचे गडी-माणसांचे पगार पाच तारखेला होतात. आणि फोन सकाळी नको, संध्याकाळी सातनंतर, पाऊस असला तर दुपारीही चालेल. भाचीने दोन्ही मान्य केले. पहिला फोन दीड तास चालला. निम्मा वेळ साक्यावर आणि उरलेला वेळ कुठल्याशा जुन्या कलमाच्या गोष्टींत गेला. तो सगळा दीड तास तिने वहीत मांडून ठेवला आहे.