बालाघाटचं तांबं नागपुरात कसं आलं?

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, गुंगेरियाच्या तांब्याच्या वस्तू आहेत. संग्रहालय 1863 चं आणि या वस्तू 1870 साली सापडलेल्या. आपल्याकडच्या जुन्या संग्रहालयांत अशा वस्तूंखाली पिढ्यान्पिढ्या एका धाटणीच्या इंग्रजी पाट्या लागत आल्या. नमुना म्हणून अशी पाटी समजू या: ‘फ्लॅट सेल्ट्स, कॉपर, गुंगेरिया होर्ड, सी. पी.’ हिचं मराठी करायचं काम आलं तर काय करावं, एवढाच या आठवड्याचा विषय.

शब्दाला शब्द ठेवला तर ‘तांब्याची चपटी पाती, गुंगेरिया साठा, मध्य प्रांत’ असं होईल. यात चूक काही नाही, पण समोर उभ्या माणसाला यातून काही मिळतही नाही. मूळ पाटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात बरंच काही गृहीत होतं. गुंगेरिया कुठे आहे, ‘होर्ड’ म्हणजे काय, ‘सी. पी.’ म्हणजे कुठला मुलूख, हे त्याच्या वाचकाला ठाऊक होतं. काटोलहून किंवा उमरेडहून सहलीला आलेल्या आठवीतल्या मुलीला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. तिला हे पुरवणं भाषांतराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. ते गाइडच्या तोंडावर सोडता येत नाही, कारण गाइड रोज असेलच असं नाही.

मग पुरवायचं काय? सर्वांत आधी शोधाची हकीकत. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेली धातूची वस्तू दिसली. खणल्यावर तिथे तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीचे 102 पातळ पत्रे निघाले. बहुतेक वस्तू कुऱ्हाडीची पाती, काही पहारीसारख्या लांबट. चांदीचे काही पत्रे गोल, तर काही खाली वळलेल्या शिंगांच्या बैलाच्या डोक्यासारखे. उत्तर भारतातल्या तांब्याच्या इतर प्रसिद्ध साठ्यांत अशी चांदी आढळत नाही, म्हणून गुंगेरियाचं नाव अभ्यासकांच्या तोंडी राहिलं.

आता वजन. तांबं 829 पौंड आणि चांदी 80 तोळे, अशी नोंद आहे. पौंडांचे किलो केले की 376 होतात, म्हणजे एक वस्तू सरासरी पाऊण किलोच्या वर. हा आकडा पाटीवर हवाच. एवढं तांबं एका ठिकाणी नीट पुरलेलं आहे म्हटल्यावर ती कुणाची हरवलेली कुऱ्हाड नव्हे, हे वाचकाच्या आपोआप लक्षात येतं. चांदीच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. सराफ्यात आज आपण तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतो, आणि त्या हिशेबाने कुणीही 80 तोळ्यांचे 800 ग्रॅम लिहून मोकळा होईल. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. म्हणजे चांदी सुमारे 930 ग्रॅम भरते. मराठी वाचकाला तोळा ओळखीचा वाटतो म्हणूनच ही चूक सहज होते आणि वर्षानुवर्षं भिंतीवर राहते.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आज बालाघाट मध्य प्रदेशात आहे. मग तिथलं तांबं महाराष्ट्रातल्या नागपुरात का? पाटी यावर गप्प बसली तर वाचकाला वाटेल की कुणीतरी ते उचलून आणलं. खरं तर 1861 साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर होती आणि बालाघाट त्याच प्रांतातला जिल्हा. प्रांतात सापडलेलं राजधानीच्या संग्रहालयात येणं त्या वेळी स्वाभाविक होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वस्तू होत्या तिथेच राहिल्या, सीमा मात्र हलली. नागपूरच्या तरुण पिढीला आपलं शहर कधी जबलपूर-रायपूरपर्यंतच्या मुलखाची राजधानी होतं, हे कळायला या काचेच्या कपाटाइतकी चांगली जागा नाही.

तिसरी गोष्ट काळाची, आणि इथे भाषांतरकाराची खरी कसोटी आहे. मुलांनी खणलेल्या खड्ड्याला थर नसतात. कोळसा नाही, सोबतची खापरं नाहीत, त्यामुळे गुंगेरियाचा काळ थेट मोजता येत नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या तशाच वस्तूंशी ताडून तो साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात धरतात. तिकडे इटावा जिल्ह्यातल्या सैपई इथे अशी तांब्याची हत्यारं गेरू रंगाच्या खापरांबरोबर उत्खननात मिळाली, म्हणून त्या भागाचा आधार थोडा पक्का झाला. तेव्हा मराठी पाटीवर ‘चार हजार वर्षांपूर्वीची’ असं ठोकून देऊ नये. ‘अंदाजे’ हा शब्द ठेवावा आणि अंदाज कशावरून, तेही एका वाक्यात सांगावं.

अशीच एक मोहाची जागा म्हणजे मलाजखंड. तांब्याची ही मोठी खाण याच बालाघाट जिल्ह्यात आहे. ‘हे तांबं मलाजखंडचं’ हे वाक्य इतकं सुबक बसतं की लेखणी थांबत नाही. पण जवळ खाण आहे म्हणून तांबं तिथलंच, हे अनुमान झालं. दोन्हीकडच्या तांब्याची रासायनिक ताडणी हाताशी असल्याशिवाय ते पाटीवर जाऊ नये. या वस्तू कुणी केल्या, यावरही तोच नियम. कुणी त्या आर्यांच्या म्हटल्या, कुणी सिंधू संस्कृतीतून पांगलेल्या लोकांच्या, तर बी. बी. लाल यांनी मुंडा लोकांच्या पूर्वजांकडे बोट दाखवलं. पाटीवर यांतला एक निवडला तर आठवीतली मुलगी तेच सत्य म्हणून परीक्षेत लिहील.

उभ्या उभ्या वाचणारा माणूस पन्नास-साठ शब्दांपलीकडे टिकत नाही, म्हणून एवढ्यातच बसवायचं. मी अशी पाटी लावेन:

*तांब्याची कुऱ्हाडीची पाती. गुंगेरिया, जि. बालाघाट (मध्य प्रदेश). अंदाजे इ. स. पूर्व दुसरे सहस्रक.*

आणि खाली, बारीक टायपात, वेगळ्या रंगात:

*1870 साली गुरे राखणाऱ्या दोन मुलांना 424 तांब्याच्या व 102 चांदीच्या वस्तू एकत्र पुरलेल्या सापडल्या. तांब्याचे वजन सुमारे 376 किलो. तेव्हा बालाघाट हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा जिल्हा होता. काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. शास्त्रीय उत्खनन झालेले नसल्याने काळ उत्तर भारतातील समान वस्तूंवरून ठरवला आहे.*

वरचा भाग मूळ पाटीचा, खालचा आपण जोडलेला, हे नजरेलाच कळलं पाहिजे. मूळ पाटीत ‘सी. पी.’ होतं आणि आपण वर ‘मध्य प्रदेश’ केलं, काळही आपणच घातला, त्यामुळे हे दोन्ही बदल नोंदवहीत मूळ मजकुरासह लिहून ठेवायला हवेत. नाहीतर वीस वर्षांनी येणारा अभ्यासक आपलं वाक्य जुनी नोंद समजून उचलेल. आणि खालच्या कोपऱ्यात पाटी लिहिल्याचं वर्ष टाकावं. उद्या तांब्याची तपासणी होऊन खाण ठरली, तर बदलायचं नेमकं कुठलं वाक्य, हे नव्या माणसाला शोधत बसावं लागणार नाही.