केराटोकोनस असलेल्या मुलांना वेळेत क्रॉसलिंकिंग मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आरोग्य प्रमुख,
पुणे महानगरपालिका, पुणे.

विषय : केराटोकोनसची शंका असलेल्या मुलांची टोपोग्राफी, पात्र मुलांना क्रॉसलिंकिंग आणि त्यानंतर लागणाऱ्या लेन्स यांबाबत.

महोदय,

आम्ही पुणे शहरात राहणारे, केराटोकोनस असलेल्या मुलांचे पालक आहोत. या आजारात डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. आजार दुर्मीळ समजला जातो. पण नागपूरजवळच्या खेड्यांतील, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिशीपुढच्या 2.3 टक्के लोकांचा कॉर्निया केराटोकोनस मानावा इतका वक्र आढळला होता.

सर्वांच्या वतीने हे लिहिताना मी माझ्याच मुलाची हकीकत सांगते. तो चौदा वर्षांचा आहे. दीड वर्षात त्याचा चष्मा तीनदा बदलला आणि दर वेळी सिलिंडरचा नंबर वाढला. तो सारखे डोळे चोळायचा. आम्ही धुळीची ॲलर्जी समजून सोडून दिले. नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे दुहेरी दिसतात, असे तो सांगत राहिला. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा, काढायला कोणीच सांगितले नाही. अखेर ती झाली तेव्हा उजव्या डोळ्याची सर्वाधिक वक्रता 49.2 डायॉप्टर होती आणि जाडी 462 मायक्रॉन. डाव्या डोळ्याची जाडी 361 उरली होती आणि मधोमध व्रण पडला होता.

चार महिन्यांनी त्याच यंत्रावर उजवी वक्रता 50.6 आली. वर्षभरात एक डायॉप्टर वाढली तरी आजार पुढे सरकतो आहे असे सहसा धरतात. इथे तर चारच महिने झाले होते. म्हणून उजव्या डोळ्याचे क्रॉसलिंकिंग ठरले. डॉक्टर याला सीथ्रीआरही म्हणतात. ही पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झाली आणि तिचे पहिले निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. डोळा सुन्न करून कॉर्नियावरचा सर्वांत वरचा थर काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब घालतात आणि मग अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्यामुळे कॉर्नियातील कोलॅजनचे धागे एकमेकांना अधिक घट्ट बांधले जातात. वरचा थर काढल्यावरही निदान 400 मायक्रॉन जाडी उरावी लागते, नाहीतर किरण कॉर्नियाच्या आतल्या अस्तराच्या पेशींना इजा करू शकतात आणि त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. थर साधारण 50 मायक्रॉनचा असतो. उजवा डोळा या हिशेबात जेमतेम बसला. डाव्याला उशीर झाला होता.

पहिल्या दोन रात्री मुलगा वेदनेने झोपला नाही. पाचव्या दिवशी थर भरून आला तेव्हा पट्टीसारखी बसवलेली लेन्स काढली. महिनाभर त्याला आधीपेक्षा धूसर दिसत होते आणि वक्रताही थोडी वाढलेली आली. हे अपेक्षित असते, पण आधी कोणी सांगितले नसेल तर घरचे हादरतात. उलट कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढली, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

वर्षाने वक्रता 50.1 वर स्थिरावली आहे. पण चष्म्याने त्याला आजही 6/18 च दिसते. आरजीपी लेन्स घातली की 6/9. क्रॉसलिंकिंग आजाराला थांबवते. ते नंबर घालवत नाही, गेलेली जाडी परत आणत नाही, व्रण पुसत नाही. डोळे चोळणे चालू राहिले, तर थांबलेला आजार पुन्हा पुढे सरकू शकतो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी, की महापालिकेच्या नेत्र विभागांत आणि शालेय नेत्रतपासणीत एक लेखी नियम असावा : ज्या मुलाचा सिलिंडरचा नंबर सहा महिन्यांत वाढला, किंवा चष्मा लावूनही ज्याची नजर 6/6 होत नाही, त्याला नवा चष्मा देऊन परत न पाठवता टोपोग्राफीसाठी पाठवावे. त्यासाठी किमान एका महापालिका रुग्णालयात हे यंत्र असावे आणि प्रत्येक नकाशाची प्रत पालकांना द्यावी. दोन नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय वाढ कळत नाही, आणि रुग्णालय बदलले की जुना नकाशा हाती नसतो. लहान वयात आजार वेगाने वाढतो, म्हणून काही तज्ज्ञ मुलांच्या बाबतीत दुसऱ्या नकाशाची वाटही पाहत नाहीत. हा निर्णय कॉर्नियातज्ज्ञांवर सोडावा, पण मूल त्यांच्यापर्यंत पोहोचावे.

शहरी गरीब योजनेच्या साहाय्यात क्रॉसलिंकिंगसोबत नंतरच्या आरजीपी किंवा स्क्लेरल लेन्सचाही स्पष्ट उल्लेख असावा. लेन्स परवडली नाही, तर आजार थांबूनही मुलाला फळा दिसत नाही. संमतिपत्र मराठीत असावे आणि या उपचाराने काय होणार नाही, ते त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असावे.

या मागण्यांवर आपल्या नेत्रविभागातील डॉक्टरांसमवेत बैठकीसाठी वेळ द्यावी, ही विनंती. मुलांचे नकाशे आणि नोंदी आम्ही सोबत आणू.

आपले विश्वासू,
केराटोकोनस असलेल्या मुलांचे पालक, पुणे शहर