आधी अक्षरं मोजा, मग कूलरचा फोटो काढा

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या वाशीममध्ये पाटणी चौकापासून पुढे रिसोड, मालेगाव, कारंज्यापर्यंत कूलर सेलचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. यंदा एक काम करा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यातले चार-पाच फ्लेक्स नीट बघा. बहुतेकांवर एकच प्रकार दिसेल. कूलर मधोमध, अगदी कडेपर्यंत भरलेला, आणि त्याच्या पोटावर लाल चांदणी चिकटवून त्यात लिहिलेलं "भव्य सेल". ज्याच्यासाठी फ्लेक्स केला तो कूलर अर्धा झाकलेला आणि अक्षरंही धड वाचता येत नाहीत.

यात आपण फ्लेक्सवाल्याला दोष देतो. माझं मत वेगळं आहे. त्या बिचाऱ्याला तुम्ही व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवला, त्यात अक्षरं ठेवायला जागाच नव्हती, मग तो काय करणार? तो अक्षराभोवती पांढरी जाड कड देतो, मागे सावली देतो, तरी भागलं नाही तर चांदणी टाकतो. इंग्रजी अक्षरं जाड कडेत एकवेळ तरतात. आपल्या अक्षरांचं तसं नाही. 'द्या', 'न्या', 'प्रि' असल्या जोडाक्षरांत मुळातच बारीक फटी असतात. कड जाड केली की त्या फटी बुजतात आणि लांबून नुसता गोळा दिसतो.

म्हणून मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, की बॅनरच्या फोटोत एका बाजूला स्वच्छ मोकळी जागा हवी, आणि ती फोटो काढतानाच सोडायला हवी. नंतर कॉम्प्युटरवर जागा तयार करता येत नाही असं नाही, पण ते ठिगळ असतं. कूलरची जाळी, खालची चाकं, मागची वायर यांच्या कडेने कापून बाहेर काढलेला फोटो सहा फुटांवर मोठा झाला की कात्रीने कापल्यासारखा दिसतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. दुकानदार दिवाळीनंतर गिऱ्हाइकांना जे कॅलेंडर वाटतात ते आठवा. शिवकाशीहून लक्ष्मी-गणपतीचं छापील कॅलेंडर येतं आणि त्यावर एक पट्टी मुद्दाम कोरी ठेवलेली असते. दुकानाचं नाव त्या पट्टीवर नंतर छापलं जातं. चित्र काढणाऱ्याला नाव कोणाचं येणार हे माहीत नसतं, पण नाव येणार हे पक्कं माहीत असतं. तुम्हालाही सेलचा फोटो काढताना तेवढंच माहीत असलं तरी पुरतं.

आता खरा प्रश्न, जागा किती सोडायची? "थोडी सोडा" म्हटलं की सगळे वीतभर सोडतात आणि फसतात. त्यापेक्षा मजकूर आधी कागदावर लिहा आणि अक्षरं मोजा.

समजा फ्लेक्स ६ बाय ३ फुटांचा आहे, म्हणजे ७२ इंच रुंद आणि ३६ इंच उंच. तो रस्त्याच्या पलीकडून, साधारण ४० फुटांवरून वाचला जावा असं तुम्हाला वाटतं. बोर्ड करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो, दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. म्हणजे ४० फुटांसाठी अक्षर कमीत कमी ४ इंचांचं हवं. तुमचा मजकूर तीन ओळींचा आहे. "कूलर सेल", मग "जुना द्या, नवा न्या", आणि शेवटी "१५ एप्रिलपर्यंत". पहिली ओळ ६ इंची अक्षरात, बाकीच्या दोन ४ इंची.

रुंदीसाठी एक अक्षर जेवढं उंच, साधारण तेवढंच रुंद धरा. "कूलर सेल" मध्ये पाच अक्षरं आहेत, म्हणजे पाच सक तीस, आणि मधली मोकळी जागा धरून ३३ इंच. दुसरी ओळ ३० च्या आसपास जाते. "१५ एप्रिलपर्यंत" मध्ये आकडे धरून आठ घरं, म्हणजे ३२ आणि मधली जागा मिळून ३४. सगळ्यांत लांब ओळ ३४ इंचांची झाली. फ्लेक्सच्या डाव्या कडेला ४ इंच सोडा, कारण तिथे दुमड आणि रिंगा येतात. अक्षरं आणि कूलर यांच्यामध्ये ४ इंच. बेरीज ४२ इंच, म्हणजे सहा फुटांतले साडेतीन फूट. कूलरला उरले अडीच फूट.

हो, अर्ध्यापेक्षा जास्त जागा मोकळी! इथे दुकानदार भाऊ हमखास म्हणतात, "अहो, फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर देतो आपण, मोकळं ठेवायला देतो का?" पण ती जागा मोकळी राहणारच नाही ना. तिथे तुमची ऑफर बसणार आहे. कूलर कसा दिसतो हे विदर्भातल्या माणसाला माहीत आहे. जुना देऊन नवा मिळतो आणि तो अमुक तारखेपर्यंत मिळतो, हे त्याला माहीत नाही.

उंचीचाही हिशेब करा, कारण मराठीत तिथेच जास्त गडबड होते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ४ इंची अक्षराच्या ओळीला प्रत्यक्षात ७ इंच लागतात, ६ इंचीला साधारण ११. तिन्ही मिळून २५ इंच झाले. ३६ मधून उरले ११, त्यात वरची-खालची कड आणि ओळींमधली हवा. चौथी ओळ म्हणून मोबाईल नंबर टाकायचा असेल तर तो या फ्लेक्सवर बसत नाही. दुकानाच्या दारातच फ्लेक्स लागणार असेल तर नंबर काढून टाका. चौकात लागणार असेल तर मोठा फ्लेक्स करा.

आता हा हिशेब मोबाईलच्या कॅमेऱ्यात आणू. मोबाईल आडवा धरून काढलेला नेहमीचा फोटो चार बाय तीनच्या प्रमाणात असतो, आणि आपला फ्लेक्स दोनास एक. म्हणजे फोटोचा वरचा एक षष्ठांश आणि खालचा एक षष्ठांश कापला जाणार. कूलर फ्लेक्सवर ३० इंच उंच दिसायला हवा असेल, तर मोबाईलच्या स्क्रीनवर तो चौकटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त उंच दिसला पाहिजे. कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेघा चालू करा आणि कूलर उजव्या उभ्या रेघेच्या थोडा उजवीकडे ठेवा. स्क्रीनवर तो फार लहान वाटेल आणि पुढे सरकायचा मोह होईल. सरकू नका. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर लांबून पाहायच्या सहा फुटी फ्लेक्सला तो पुरतो. फोटो मात्र व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा पाठवला तर त्याचा आकार घटतो.

सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे भिंत. चार फुटी कूलर एवढ्या मोकळ्या जागेसह घ्यायचा तर मागे साधारण १२-१३ फूट रुंद साधी भिंत लागते. दुकानात ती नसते, म्हणून लोक काय करतात? शटर खाली ओढतात आणि त्यापुढे कूलर ठेवतात. शटर ही मराठी मजकुरासाठी सगळ्यांत वाईट पाठ. त्याच्या आडव्या पट्ट्या आपल्या अक्षरांच्या शिरोरेघेशी भांडतात, अक्षर कुठे संपतं आणि पट्टी कुठे सुरू होते तेच कळत नाही. टाइल्सच्या आडव्या फटींचंही तसंच. घराची नाहीतर गोदामाची एका रंगाने रंगवलेली बाहेरची भिंत शोधा. बेडशीट टांगायची असेल तर इस्त्री करून आणि ताणून टांगा, एकेक सुरकुती फ्लेक्सवर दोरीएवढी दिसते.

कूलर भिंतीला चिकटवू नका, चार फूट पुढे ओढा. आणि उजेड मोकळ्या बाजूने येऊ द्या. अक्षरं डावीकडे येणार असतील तर उजेड डावीकडून, म्हणजे कूलरची सावली उजवीकडे पडेल. उलटं केलंत तर सावली नेमकी मजकुराच्या जागेवर पडते. मग त्या जागेचा अर्धा भाग उजळ, अर्धा काळपट. काळं अक्षर एका टोकाला हरवतं, पांढरं दुसऱ्या टोकाला. थेट उन्हापेक्षा सकाळी भिंत सावलीत असताना काढलेला फोटो बरा. फोटो काढताना गुडघ्यावर बसा आणि मोबाईल कूलरच्या मध्यावर धरा, म्हणजे जमीन आणि भिंतीची रेघ बरीच खाली जाते आणि मजकुराच्या आड येत नाही. कूलरचं तोंड किंचित अक्षरांकडे वळवा. बाहेरच्या कडेकडे तोंड करून उभा राहिलेला कूलर गिऱ्हाइकाची नजर शेजारच्या दुकानाकडे पाठवतो!

जमलं की नाही हे फ्लेक्सचे पैसे देण्याआधी तिथल्या तिथे तपासता येतं. मोबाईलच्या गॅलरीतच फोटो दोनास एक कापा, काळा-पांढरा करा आणि मोकळ्या जागेवर तुमच्या तीन ओळी टाइप करून ठेवा. मग मोबाईल स्वतःच्या हातात समोरच्या माणसाकडे धरून त्याला दोन-तीन पावलं मागे जायला सांगा. त्याने तारीख न अडखळता वाचली तर फोटो पाठवा. अडखळला तर कूलर अजून जागेवरच उभा आहे, लगेच दुसरा काढा.

दोन ठिकाणी हा फोटो चालत नाही, तेही सांगून ठेवतो. एक, व्हॉट्सॲप स्टेटस. ते उभं असतं, बाजूची जागा तिथे कापली जाते. त्यासाठी मोबाईल उभा धरून वेगळा फोटो काढा आणि जागा कूलरच्या वर सोडा. पण अगदी वरच्या टोकाला अक्षरं नकोत, तिथे तुमचं नाव दिसतं, आणि तळाला रिप्लायची पट्टी येते. दुसरं, ॲमेझॉनसारख्या ठिकाणी माल टाकायचा असेल तर तिथे नियम बरोबर उलटा आहे. मुख्य फोटोत वस्तूने ८५ टक्के चौकट भरलेली हवी, पाठ शुद्ध पांढरी आणि अक्षर एकही नको.

आणि एक. मजकूर घातलेला फोटो सेव्ह करताना मूळ कोरा फोटो पुसू नका. १५ एप्रिलनंतर तारीख वाढवायची झाली, किंवा अक्षय तृतीयेला वेगळी ऑफर द्यायची झाली, तर कूलर पुन्हा बाहेर ओढायची गरज नाही. कोऱ्या बाजूवर नवीन ओळी टाकायच्या आणि तोच फोटो परत फ्लेक्सवाल्याकडे पाठवायचा.