पत्ता बरोबर, तरी रायडर मागच्या गल्लीत: वर्ध्याच्या नव्या लेआउटमध्ये पिन नेमका कुठे चुकतो?

वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), सावंगी (मेघे) आणि बोरगाव (मेघे) ही गावं आहेत. शहर वाढत गेलं तसे या गावांच्या शेतांमध्ये लेआउट पडले, प्लॉट विकले गेले आणि घरं उभी राहिली. वीज आली, नळ आला, पण गल्लीचं नाव काही पडलं नाही. अशा घरातून कुणी ऑनलाइन जेवण किंवा औषध मागवलं की एक फोन ठरलेला असतो: "भाऊ, लोकेशनवर पोहोचलो, पण इथे तर नुसतं शेत आहे."

या फोननंतरची दहा-पंधरा मिनिटं रायडरच्या खिशातून जातात. त्याची कमाई मुख्यतः पोहोचवलेल्या ऑर्डरवर असते, शोधाशोध करण्यात गेलेल्या वेळेवर नाही. ग्राहक मात्र "पत्ता तर पूर्ण दिला होता" म्हणून वैतागतो. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण "पिन चुकला" या एकाच तक्रारीत तीन वेगवेगळ्या चुका दडलेल्या असतात. प्रत्येकीचा उपाय वेगळ्या ठिकाणी आहे.

पहिली चूक: नावावरून जागा शोधताना

ग्राहकाने लिहिलेला पत्ता संगणक माणसासारखा वाचत नाही. तो त्यातले शब्द आपल्या यादीतल्या नावांशी जुळवतो आणि नकाशावर एक बिंदू ठरवतो. वर्धा जिल्ह्यात हे अवघड जाण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'सिंदी'. सिंदी (मेघे) वर्धा शहराला चिकटून आहे. सिंदी (रेल्वे) हे नगरपरिषद असलेलं गाव मात्र सेलू तालुक्यात, नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. नुसतं 'सिंदी, जि. वर्धा' लिहिलं, तर यातली कोणती सिंदी हे ठरवायला काहीच आधार उरत नाही. कंसातला शब्द शोभेचा नाही, तो पत्त्याचा भाग आहे. सोबत पिनकोडही बरोबर हवा. सिंदी (मेघे)साठी 442001 हा वर्ध्याचा पिनकोड चालतो, तर सिंदी (रेल्वे)चा 442105 आहे.

दुसरी अडचण प्लॉट नंबरची. प्रत्येक लेआउटचे नंबर एकपासून सुरू होतात, त्यामुळे 'प्लॉट नं. 14' एकाच गावात अनेक असू शकतात. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या वहीत, म्हणजे नमुना 8 मध्ये, घराला क्रमांक असतो. पण तो कर वसुलीसाठी असतो. शेजारच्या घराचा क्रमांक पुढचाच असेल असं नाही आणि तो नकाशावरही नसतो.

असा पत्ता सापडला नाही, तर बहुतेक वेळा "सापडला नाही" असं उत्तर येत नाही. संगणक एक पायरी मागे जातो. घर नाही तर वस्ती, वस्ती नाही तर गाव, गाव नाही तर पिनकोडचं क्षेत्र, आणि त्या क्षेत्राच्या मध्यावर कुठेतरी पिन टोचतो. तो मध्य शेतात, नाल्यात किंवा शाळेच्या मैदानात असू शकतो. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: एकाच वस्तीतल्या दोन-तीन घरांचे पत्ते शोधले आणि पिन एकाच जागी आला, तर तो पिन घराचा नाही, वस्तीचा आहे.

दुसरी चूक: फोनने स्वतःची जागा सांगताना

पत्ता शोधण्याऐवजी 'सध्याचं लोकेशन' दिलं तरी चूक होऊ शकते. स्लॅबच्या घरात, विशेषतः खालच्या मजल्यावर, उपग्रहांचा सिग्नल नीट मिळत नाही. मग फोन वायफाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं, ते या अंदाजाची हद्द असते. वर्तुळ दोन-चार घरांना कवेत घेत असेल, तर त्या क्षणी पाठवलेला पिन शेजाऱ्याचा असण्याचीही शक्यता असते. ॲपला 'अचूक लोकेशन'ची परवानगी दिली नसेल, तर मुद्दामच ढोबळ जागा पाठवली जाते आणि चूक आणखी मोठी होते.

उपाय असा: घराबाहेर, उघड्या आकाशाखाली यायचं, वर्तुळ लहान होईपर्यंत थांबायचं आणि मग ॲपमधल्या जतन केलेल्या पत्त्याचा पिन हाताने सरकवायचा. उपग्रह चित्र चालू केलं तर स्वतःचं छत ओळखता येतं. पण पिन छतावर नाही, फाटकासमोर गल्लीत ठेवायचा. त्याचं कारण तिसऱ्या चुकीत आहे.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. पत्त्याचा मजकूर आणि पिन या ॲपमध्ये सहसा दोन वेगळ्या नोंदी असतात. मजकूर दुरुस्त केला म्हणून पिन आपोआप हलतोच असं नाही, आणि रायडरचा नकाशा चालतो तो पिनवर. भाड्याचं घर बदलल्यावर नवा पत्ता लिहिला पण पिन तसाच राहिला, तर रायडर जुन्या घरी जाणार.

तिसरी चूक: पिन बरोबर, पण गल्लीच नाही

सगळ्यात फसवी चूक हीच. समजा, सिंदी (मेघे)मधल्या एका नव्या लेआउटमध्ये मधली गल्ली नकाशावर नाही. घर त्या गल्लीत आहे आणि पिन अगदी फाटकावर आहे. घराच्या मागच्या बाजूला दुसऱ्या लेआउटचा रस्ता आहे आणि तो नकाशावर आहे. दोहोंच्या मध्ये कुंपणाची भिंत. रस्ता दाखवणारी यंत्रणा फक्त नकाशावर आखलेल्या रेषांवरून चालते. ती पिनला सर्वांत जवळची रेषा शोधते, म्हणजे मागचा रस्ता. रायडर भिंतीपलीकडे उभा राहतो, त्याच्या फोनवर "तुम्ही पोहोचलात" असं येतं, आणि घर वीस मीटरवर असूनही फाटकापर्यंत यायला त्याला मोठा वळसा पडतो.

ही चूक ओळखायची असेल तर स्वतःच्या फोनवर बजाज चौकासारख्या माहितीच्या ठिकाणाहून घराच्या पिनपर्यंतचा रस्ता काढून पाहावा. निळी रेषा पिनच्या आधीच थांबते आणि पुढे ठिपके येतात, किंवा ती उलट्या बाजूने येते. असं दिसलं तर पिन कितीही सरकवून उपयोग नाही. नकाशात गल्लीच घालावी लागेल.

गूगल मॅप्सवर संगणकाच्या मेनूमधल्या Edit the map मधून रस्ता जोडण्याची सूचना पाठवता येते. ती तपासली जाते, त्यामुळे बदल दिसायला वेळ लागू शकतो आणि सूचना नाकारलीही जाऊ शकते. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर खातं उघडून गल्ली स्वतः आखता येते. तिथे वस्तीतल्या रस्त्याला अशी खूण द्यायची:

```
highway=residential
```

आखलेली रेषा मुख्य रस्त्याच्या रेषेला बिंदूने जोडली गेली पाहिजे. दिसायला चिकटलेली पण न जोडलेली गल्ली रस्ता शोधणाऱ्या यंत्रणेसाठी बेटासारखी असते. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नक्कल करायची नाही, हा तिथला पक्का नियम आहे. प्रत्यक्ष पाहिलेलं किंवा तिथे वापरायला परवानगी असलेल्या उपग्रह चित्रावरून आखलेलंच चालतं.

अनेकजण वैतागून स्वतःच्या घराची 'नवं ठिकाण' म्हणून नोंद करतात. ती सोय दुकानं आणि सार्वजनिक जागांसाठी आहे. घरमालकाचं नाव जगजाहीर होतं आणि गल्ली तरीही आखली जात नाही. शिवाय सगळ्या ॲपचा नकाशा एक नसतो, म्हणून एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे दिसेलच असं नाही.

मग डिजिपिनने हा प्रश्न सुटतो का?

टपाल खात्याने मे 2025 मध्ये डिजिपिन आणला. यात देशाची सुमारे चार मीटर बाजूच्या चौकोनांत विभागणी केली आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत आहे. संकेत डावीकडून उजवीकडे बारीक होत जातो. वर्धा शहर आणि सेवाग्राम आश्रम या दोन्हींचा संकेत 3PP-6 ने सुरू होतो, तर हिंगणघाट शहराचा 3PT ने. म्हणजे पहिली काही अक्षरं पाहूनच कळतं की पिन निदान योग्य भागात आहे.

पण डिजिपिन बनतो तो फोनने सांगितलेल्या जागेवरूनच. फोन दहा मीटर चुकला तर शेवटची अक्षरं शेजारच्या अंगणाची निघतील. तो जागा सांगतो, वाट सांगत नाही. पहिली चूक त्याने टळते, दुसरी तशीच राहते आणि तिसरीला तो हात लावत नाही.

तोवर फोनवर काय सांगायचं?

नकाशा दुरुस्त होईपर्यंत तोंडी वाटच कामाची. ती सांगताना आधी विचारायचं, "भाऊ, आता कुठे उभे आहात? समोर काय दिसतं?" डावं-उजवं हे रायडरच्या तोंडावर अवलंबून असतं, आपल्या फाटकावर नाही. मग नकाशावर आहे आणि दोघांनाही माहीत आहे अशा जागेपासून सुरुवात करायची आणि फक्त वळणं सांगायची.

वरच्या उदाहरणातल्या घरासाठी ॲपच्या सूचनेच्या रकान्यात असं लिहिता येईल: "पिनवरच्या रस्त्याने येऊ नका, मधे भिंत आहे. पाण्याच्या टाकीपासून सरळ, डीपीच्या आधीची डावी गल्ली, तिसरं घर, काळं फाटक. हनुमान मंदिर लागलं तर गल्ली मागे राहिली."

यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. पहिलं नकाशा कुठे फसवतो ते सांगतं, शेवटचं पुढे गेल्याची खूण देतं. ती खूण नसेल तर रायडर चुकल्यावरही सरळच जात राहतो. खुणा कायमच्या आणि रात्री दिसणाऱ्या हव्यात. मंडप, रेतीचा ढीग किंवा उभी गाडी आठवड्यात हलते. "कुणालाही विचारा" हेही टाळलेलं बरं, कारण नव्या लेआउटमध्ये रात्री नऊला विचारायला कुणी बाहेर नसतं.

एवढं करूनही मधली गल्ली आखली जाईपर्यंत प्रत्येक नवा रायडर आधी भिंतीपलीकडेच पोहोचेल. सूचना एका घरापुरती असते आणि ती प्रत्येक ॲपमध्ये पुन्हा लिहावी लागते. आखलेली गल्ली मात्र तो नकाशा वापरणाऱ्या सगळ्यांना दिसते. त्या गल्लीत ज्यांच्याकडे काहीच मागवलं जात नाही, पण एखाद्या रात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते, त्यांनाही ती उपयोगी पडते.