स्वागत आधी घरच्यांचे

मैत्रिणींनो, पंचायत समितीच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "आमच्या शाखेतल्या ताई या महिनाअखेर निवृत्त होताहेत. साहेब म्हणाले, बाई, स्वागत तुम्ही करा. सुरुवात कशी करू?" निरोपाच्या समारंभात स्वागताचे काम हटकून आपल्यापैकीच कुणाच्या तरी वाट्याला येते, म्हणून आज त्याविषयीच बोलू.

सगळ्यात आधी हे ठरवा की, स्वागतात ताईंचे गुणगान करायचे नाही. त्यासाठी पुढे वक्ते आहेतच. स्वागत करणारीनेच ताईंची सगळी नोकरी सांगून टाकली, तर मागून येणारा प्रत्येक जण "आत्ताच सांगितल्याप्रमाणे" म्हणत बसतो. स्वागताचे काम वेगळे आहे. त्या दिवशी सभागृहात दोन घरे समोरासमोर येतात. ताईंच्या घरच्यांनी तुम्हा सर्वांची नावे वर्षानुवर्षे ऐकलेली असतात, पण चेहरे पाहिलेले नसतात. तुम्हीही त्यांचा डबा खाल्लेला असतो, पण तो करणारे हात पाहिलेले नसतात. या दोघांची गाठ घालून दिली की स्वागत झाले. ऑफिसचे लोक रोज भेटतात, पाहुणे मात्र घरचेच. म्हणून आधी त्यांचे स्वागत, मग कर्मचाऱ्यांचे.

यासाठी दोन दिवस आधी ताईंच्या मुलीला किंवा सुनेला फोन करा. ताईंना विचारू नका, त्या "कशाला एवढं" म्हणून उडवून लावतील. कोण कोण येणार, त्यांची नावे आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून घ्या. जावयाला दीर म्हटले तर सभागृह हसते, पण घरच्यांना ते लागते. घरात कुणी नुकते गेले असेल तर त्यांचा उल्लेख केलेला आवडेल का, तेही हळूच विचारा. आणखी एक गोष्ट. छापील कार्यक्रमात "सपत्नीक सत्कार" असे ठरीव वाक्य असते. निवृत्त होणारी बाई असेल तर ते "यजमानांसह" असे करून घ्या. आणि यजमान हयात नसतील तर तो शब्दच नको.

समारंभाच्या दिवशी घरच्यांना पहिल्या रांगेत तुम्ही स्वतः नेऊन बसवा. नाही तर ती मंडळी संकोचाने मागच्या खुर्च्या धरतात, आणि नाव घेतल्यावर सगळ्यांना माना वळवून शोधावे लागते.

तारखेचीही एक गंमत आहे. राज्य सरकारच्या नोकरीत ज्या महिन्यात वय पूर्ण होते, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती येते. जन्मतारीख १ असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. पूर्वी शाळेत नाव घालताना पुष्कळांची जन्मतारीख १ जून लावली जाई. म्हणून ३१ मे रोजी एकेका कार्यालयात दोन-तीन निरोप असतात. तसे असेल तर प्रत्येकाच्या घरच्यांना सारखाच वेळ द्या, एकाला चार वाक्ये आणि दुसऱ्याला एक, असे नको.

आता या भगिनीच्या ताईंसाठी स्वागत कसे होईल ते पाहा. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

"आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गटविकास अधिकारी साहेब, आपल्या सर्वांच्या ताई, ताईंच्या घरची मंडळी आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, नमस्कार.

आज ३१ मे. कार्यालय सुटायला अजून वेळ आहे, म्हणजे ताई अजून आपल्या आस्थापना शाखेतच आहेत. तेवढ्यात त्यांच्या घरच्यांचे स्वागत करून घेते.

पहिल्या रांगेत ताईंच्या सासूबाई, श्रीमती ..., बसल्या आहेत. आजी, या वयात जिना चढून आलात, फार बरं वाटलं. ताईंच्या डब्यातली लसणाची चटणी या शाखेत सगळ्यांनी खाल्ली आहे, ती तुमच्या हातची. ताईंचे यजमान, श्री. ... . मार्चअखेरीला आम्हाला उशीर व्हायचा, तेव्हा तुम्ही फाटकाशी स्कूटर घेऊन उभे असायचात. आम्ही खिडकीतून पाहायचो. आज 'आत या' म्हणायची संधी मिळाली. चिरंजीव ... आणि सूनबाई ..., तुमचं स्वागत. नाशिकहून आलेली लेक ..., तुझ्या दहावीच्या निकालाचे पेढे आम्ही याच टेबलावर खाल्ले होते.

आता घरच्यांना आमची ओळख. आस्थापना आणि लेखा शाखा, टपाल सांभाळणारे, गाडीचालक, आणि ताईंचा बिनसाखरेचा चहा न विसरता वेगळा आणणारे आपले शिपाई मामा. इथे बसलेल्या प्रत्येकाचं सेवापुस्तक ताईंच्या हातून गेलं आहे. पूर्वी निवृत्त झालेले सहकारीही आज मुद्दाम आले आहेत. आपणा सर्वांचे मी मनःपूर्वक स्वागत करते. ताईंच्या कामाबद्दल मी बोलत नाही, ते पुढच्या वक्त्यांसाठी राखून ठेवते."

बस, एवढेच. सावकाश म्हटले तरी तीन मिनिटांच्या आत होते. चटणी, स्कूटर आणि पेढे या तीनच घरगुती गोष्टी घेतल्या आहेत, आणि प्रत्येक गोष्ट ज्याची त्याच्याकडे पाहून सांगायची आहे. तुमच्याकडे स्कूटर नसेल, दुसरे काही असेल. शाखेतल्या जुन्या माणसाला विचारा, "ताईंच्या घरचं तुम्हाला काय आठवतं?" पण आजारपण, पैशाची ओढ, सासू-सुनेचे बोलणे, असे विश्वासाने सांगितलेले काही ऐकले असेल तर ते सभेत काढू नका. वाक्य खरे असले तरी घरी गेल्यावर ताईंनाच त्याचे उत्तर द्यावे लागते.

महिनाअखेर रविवारी आली तर समारंभ आधीच्या कामाच्या दिवशी होतो. तेव्हा "कार्यालय सुटायला वेळ आहे" हे वाक्य गाळा.

काही वाक्ये मात्र मुळीच नकोत. "आज ताई आपल्याला सोडून जात आहेत" हे ऐकले की आजींच्या डोळ्याला पदर लागतो, कारण हे शब्द आपण वेगळ्याच प्रसंगी वापरतो. "आता यजमानांची खैर नाही" हा विनोद प्रत्येक निरोपाला होतो आणि यजमानांना दर वेळी खोटे हसावे लागते. आणि "आता घरी आराम करा" हे तर नकोच. घरचे काम कुणाला कधी निवृत्त करते, ते तुम्हाआम्हाला माहीत आहे!

बोलताना आवाज भरून आला तर थांबा, चिठ्ठीवरचे पुढचे नाव वाचा. नाव वाचताना आवाज आपोआप ताळ्यावर येतो.