बोललेली शेती आणि लिहिलेली तारीख

शेतकरी खातेदार आपल्या हंगामाची हकीकत तोंडी सांगतो आणि ती तक्त्यात उतरविण्याचे काम दुसऱ्याच कोणाकडे येते. कधी शिकलेला मुलगा, कधी कृषी सहायक, तर कधी बँकेच्या शाखेतील ग्रामीण अधिकारी ते करतो. भ्रमणध्वनीवर हकीकत ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे. तथापि ध्वनिमुद्रणातील बोलणे आणि तक्त्यातील तारीख यांमध्ये एक मोठी पायरी आहे. अनेक तक्ते तिथेच घसरतात. तारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून लिहिणारा सरसकट ‘१५ जून’ लिहून मोकळा होतो. रकाना भरतो, पण नोंद खोटी ठरते.

खरीप २०२४ मधील मराठवाड्याकडचा एक नमुना घेऊ. २५ जुलै, गुरुवारच्या संध्याकाळचे हे बोलणे आहे. “मिरगातल्या पावसावर वरच्या तुकड्यात सरकी लावली, दोन पाकिटं. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या वावरात सोयाबीन पेरलं, तीन बॅगा. डीएपी तीन पोती सोबतच. वरून दाबून पाऊस आला अन् खालच्या अंगाचं उगवलंच नाही. मग दहा-बारा दिवसांनी, आर्द्रा संपायच्या आत, तिथं एक बॅग परत पेरली. सरकीला युरिया टाकून आज आठ दिवस झाले.”

या सहा वाक्यांत इंग्रजी महिन्याची एकही तारीख नाही. तरीही हे बोलणे मोघम आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकरी दोन वेगळ्या कालगणनांतून बोलत आहे. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर चालतात. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला आणि पुनर्वसू ५-६ जुलैला. सण मात्र चांद्र तिथीवर येतात आणि दरवर्षी सरकतात. आषाढी एकादशी २०२४ साली १७ जुलैला होती, तर २०२५ साली ६ जुलैलाच आली. त्यामुळे नक्षत्राची नोंद कोणत्याही वर्षीच्या दिनदर्शिकेवरून साधारणपणे लावता येते. सणाची नोंद त्याच वर्षीची दिनदर्शिका समोर ठेवल्याखेरीज लावू नये. मागील वर्षीची दिनदर्शिका भिंतीवर तशीच राहिली असेल, तर दहा-अकरा दिवसांची चूक सहज होते.

आता एकेक वाक्य पाहू. २०२४ ची वटपौर्णिमा २१ जूनला होती, म्हणजे सोयाबीनची पेरणी २२ जूनची. ही तारीख निश्चित समजावी. दुबार पेरणीला दोन आधार आहेत. २२ जूनपासून दहा-बारा दिवस म्हणजे २ ते ४ जुलै. आर्द्रा संपते ५ जुलैच्या आसपास. दोन्ही विधाने एकमेकांस दुजोरा देतात, म्हणून ‘२ ते ४ जुलै’ असे लिहिणे योग्य. त्यातून मधलाच ‘३ जुलै’ निवडून लिहिणे योग्य नव्हे.

युरियाचे वाक्य फसवे आहे. ‘आज’ म्हणजे ध्वनिमुद्रणाचा दिवस. तक्ता लिहिण्याचा दिवस नव्हे. शिवाय मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे बहुधा एक आठवडा, गुरुवार ते गुरुवार. १८ जुलै की १७, हे विचारूनच ठरवावे. आणि प्रश्नही शेतकऱ्याच्या भाषेत हवा. “एकादशीलाच टाकला का?” असे विचारताच उत्तर येते, “नाही, उपास सोडला त्या दिवशी.” १८ जुलै निश्चित झाला. (‘परवा’ या शब्दाबाबतही अशीच सावधगिरी हवी. तो मागे जातो तसा पुढेही जातो आणि क्रियापदाच्या काळाखेरीज त्याचा निवाडा होत नाही.)

सरकीची तारीख मात्र हाती लागत नाही. मृग म्हणजे साधारण ७ ते २० जून, चौदा दिवसांचा पट्टा. बियाण्याच्या पावतीवरून ‘या दिवसाआधी नाही’ एवढे कळते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मिळाल्यास पट्टा आणखी आखडतो. तोवर तक्त्यात पट्टाच राहू द्यावा.

प्रमाणांतही तशीच गफलत होते. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ती ४५ किलोची आहे. डीएपीचे पोते ५० किलोचेच आहे. सोयाबीनच्या बॅगेचे वजन गृहीत धरू नये, छापील आकडा पाहावा. या नमुन्यात तो ३० किलो आहे, आणि मोठे वावर तीन एकरांचे असल्याने एकरी ३० किलोचा नेहमीचा हिशेब जुळतो.

इतके झाल्यावर तक्ता असा होतो :

| तारीख | शेत | काम व प्रमाण | तारखेचा आधार |
|---|---|---|---|
| ७ ते २० जून २०२४ (अंदाजे) | वरचा तुकडा | सरकी लागवड, २ पाकिटे | “मिरगातल्या पावसावर” |
| २२ जून २०२४ | मोठे वावर | सोयाबीन पेरणी, ३ बॅगा = ९० किलो; डीएपी ३ पोती = १५० किलो | “वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी” |
| २ ते ४ जुलै २०२४ | मोठे वावर, खालचे अंग | सोयाबीन दुबार पेरणी, १ बॅग = ३० किलो | “दहा-बारा दिवसांनी, आर्द्रा संपायच्या आत” |
| १८ जुलै २०२४ | वरचा तुकडा | युरिया, १ गोणी? = ४५ किलो | “उपास सोडला त्या दिवशी” |

शेवटचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. वस्तुतः तोच या तक्त्याचा कणा आहे. मूळ शब्द शेजारी असल्यास लावलेली तारीख पुढे कोणासही तपासता येते. ते पुसले गेल्यास चूक कायमची होते. युरियापुढील प्रश्नचिन्हही हेतुपुरस्सर आहे. शेतकऱ्याने किती गोण्या टाकल्या ते सांगितलेलेच नाही. एक गोणी हा लिहिणाऱ्याचा तर्क आहे.

दुबार पेरणीची स्वतंत्र ओळ हाही वादाचा विषय ठरतो. पुष्कळदा पहिली तारीख खोडून तिथे दुसरी लिहिली जाते. परंतु मोठ्या वावराचा बहुतांश भाग २२ जूनचाच आहे. शंभर दिवसांत येणारे वाण धरल्यास तो ३० सप्टेंबरच्या सुमारास काढणीस येतो, खालचे अंग १०-१२ ऑक्टोबरला. एकच तारीख ठेवली, तर काढणीचा आणि म्हणून कर्जफेडीचाही अंदाज चुकतो. शिवाय न उगवलेल्या बियाण्याबद्दल तालुका स्तरावर तक्रार करायची झाल्यास पहिल्या पेरणीची तारीख, बॅगेवरील लॉट क्रमांक, पावती आणि लेबल यांचीच विचारणा होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते; मात्र पेरणीनंतरच्या दडपून आलेल्या पावसाने जमिनीवर पापडी धरली, तर दोष बियाण्याचा की पावसाचा, हा प्रश्न उरतोच. त्याचा उलगडा पेरणी आणि पाऊस यांच्या तारखा शेजारी ठेवूनच होऊ शकतो.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो शेतकऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावा. या नमुन्यात तसे केल्यावर दोन दुरुस्त्या निघाल्या. युरिया एक नव्हे, दोन गोण्या होता, म्हणजे ९० किलो. आणि खालचे अंग सारे मिळून पंचवीस गुंठेच होते. एकरी ३० किलोच्या हिशेबाने त्यास सुमारे १९ किलो बियाणे पुरते. उरलेले ११ किलो कुठे गेले, असे विचारल्यावर शेतकरी घरात गेला आणि अर्धी रिकामी बॅग, लेबलासकट, घेऊन बाहेर आला.