भाडेकरूची सही आणि विबंध

आळंदी-मरकळ रस्त्यावर भाडेपट्ट्याने घेतलेल्या गोदामाचा मालक एके दिवशी दोन पानांचा कागद पाठवतो. 'गोदाम विकतो आहे. खरेदीदाराची बँक मागते, तेवढी सही करून द्या,' असा त्याचा निरोप असतो. या कागदास एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात. त्यात भाडेकरू लिहून देतो की करार अमुक तारखेचा आहे, मुदत इतकी, भाडे इतके व अमुक महिन्यापर्यंत भरलेले, अनामत इतकी; तोंडी वा लेखी बदल झालेला नाही आणि मालकाकडे काही येणे नाही.

कायद्याच्या मराठीत 'एस्टॉपेल'ला विबंध म्हणतात. एकाने केलेल्या कथनावर विसंबून दुसऱ्याने व्यवहार केला, तर पहिल्याला ते कथन पुढे नाकारता येत नाही. हे तत्त्व 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 115 मध्ये होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्येही ते आहे.

समजा, करारातले भाडे दरमहा 45,000 रुपये आहे. पावसाळ्यात पत्रे गळू लागले, तेव्हा भाडेकरूने 1,80,000 रुपये खर्चून छप्पर बदलले आणि दरमहा 15,000 याप्रमाणे वर्षभर वजावट घ्यावी असे मालकाशी तोंडी ठरले. चार महिने झाले. 1,20,000 रुपये वळते व्हायचे उरले. अशा वेळी 'भाडे 45,000, वजावट काही नाही' यावर सही झाली, तर नवा मालक पहिल्याच महिन्यात पूर्ण भाडे मागेल व तोच कागद दाखवील. उरलेली रक्कम जुन्या मालकाकडून वसूल करावी लागेल, आणि त्याच्याकडे बोलण्यापलीकडे पुरावा नाही. आपल्याकडे शब्दावर व्यवहार पुष्कळ चालतात. बँक मात्र कागदच वाचते.

म्हणून सहीपूर्वी नोंदणीकृत करार व खतावणी समोर ठेवून प्रत्येक ओळ पडताळावी. उरलेली वजावट, गळतीची तक्रार, मुदतवाढीचा हक्क, यांपैकी जे असेल ते त्याच कागदावर अपवाद म्हणून लिहावे. मग खरेदीदारास 'मला ठाऊक नव्हते' म्हणता येणार नाही. जे आपण पाहिलेले नाही, उदाहरणार्थ मालकाची इतर कर्जे, तेथे 'माझ्या माहितीप्रमाणे' हे शब्द घालावेत. करारात नसलेली नवी अट मसुद्यात घुसवलेली दिसली, तर ती खोडावी; हा कागद आहे ती स्थिती सांगण्यासाठी असतो, करार बदलण्यासाठी नव्हे. अनामतीचा आकडा लिहून घ्यावा, आणि ती परत देण्याची जबाबदारी नवा मालक घेतो असे त्याच्याकडून वेगळ्या पत्राने घ्यावे.

करारात असे प्रमाणपत्र देण्याचे कलम नसेल, तर सहीची सक्ती नसते. तरी नकार देण्यापेक्षा अपवादांसह सही करणे बहुधा हिताचे ठरते, कारण आपला हक्क खरेदीपूर्वीच नोंदला जातो.

विक्री झाल्यावर भाडे कोणास द्यायचे? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 109 नुसार, हस्तांतराची माहिती नसताना जुन्या मालकास दिलेले भाडे नव्या मालकास पुन्हा द्यावे लागत नाही. म्हणून विक्रीची लेखी सूचना ज्या दिवशी हाती पडेल, ती तारीख टाकून पोच द्यावी व प्रत फाईलला लावावी.